एक डिस्क गेली, तीन सांभाळायच्या

नॅसमधली हार्ड डिस्क गेली, की डबा बीप-बीप करत सुटतो, समोरचा हिरवा दिवा नारिंगी होतो आणि मालकाच्या मोबाइलवर सूचना येऊन पडते. फायली मात्र पूर्वीसारख्याच उघडत असतात. त्यामुळे माणसं दोनपैकी एक चूक करतात. कुणी ‘चालतंय ना, बघू पुढच्या महिन्यात’ म्हणत बीप बंद करून टाकतं. कुणी घाबरून लगेच उठतं, अंदाजाने एक ट्रे ओढतं आणि नवी डिस्क सरकवतं. या दुसऱ्या चुकीत सगळा डेटा एका झटक्यात जाऊ शकतो. गेलेल्या एका डिस्कने अजून काहीच नेलेलं नसतं. उरलेल्या तीन डिस्कमध्ये सगळं शाबूत असतं, आणि डिस्क बदलायचं काम म्हणजे खरं तर त्या तिघींना धक्का न लावण्याचं काम आहे.

नॅस म्हणजे नेटवर्कला जोडलेला, एकापेक्षा जास्त हार्ड डिस्क बसणारा साठवणीचा डबा. ऑफिस, दवाखाना, स्टुडिओ, आता घरंसुद्धा, सगळ्यांच्या फायली त्यात एका जागी राहतात. उदाहरणासाठी लग्नाचे फोटो आणि व्हिडिओ काढणारा एक छोटा स्टुडिओ धरू. त्याच्याकडे चार कप्प्यांचा नॅस आहे, प्रत्येक कप्प्यात ४ टीबीची एक डिस्क आहे आणि चारही डिस्क ‘रेड ५’ पद्धतीने जोडलेल्या आहेत. एकूण १६ टीबी, पण वापरायला मिळतात १२. उरलेली एका डिस्कइतकी जागा ‘पॅरिटी’ नावाच्या हिशेबासाठी जाते.

हा हिशेब समजला, की पुढची प्रत्येक पायरी का आहे ते कळतं. तीन डिस्कवर ७, ५ आणि ९ हे आकडे लिहिले आणि चौथीवर त्यांची बेरीज २१ लिहिली, असं समजा. ५ असलेली डिस्क गेली, तरी २१ मधून ७ आणि ९ वजा करून तो ५ परत मिळतो. नॅस बेरजेऐवजी ‘एक्सऑर’ नावाची क्रिया वापरतो आणि पॅरिटी एकाच डिस्कवर न ठेवता चारही डिस्कवर आळीपाळीने वाटतो, पण तत्त्व हेच. म्हणूनच डिस्क गेल्यावरही स्टुडिओतले फोटो उघडतात: नॅस दर वेळी उरलेल्या तीन डिस्क वाचून गेलेला तुकडा नव्याने काढून देतो. मात्र दोन आकडे गेले, तर बेरजेवरून एकही परत मिळत नाही. रेड ५ मध्ये एक डिस्क गेल्यापासून नवी डिस्क पूर्ण भरेपर्यंत दुसऱ्या चुकीला जागा नसते.

ट्रेला हात लावण्याआधी

नॅसच्या सेटिंगमधून बीप बंद करा, म्हणजे शांतपणे विचार करता येईल. मग स्टोरेजचं पान उघडून काय लिहिलंय ते नीट वाचा. `Degraded` असं दिसत असेल, तर एक डिस्क कमी झाली आहे, पण डेटा वाचता येतो. `Crashed` किंवा `Failed` हे शब्द एका डिस्कपुढे नसून सगळ्या व्हॉल्यूमपुढे दिसत असतील, तर एकापेक्षा जास्त डिस्कचा घोळ आहे. तिथे डिस्क बदलण्याचा उपाय लागू पडत नाही. नॅस बंद करून डेटा परत मिळवून देणाऱ्या जाणकाराला गाठावं.

`Degraded` असेल, तर पहिलं काम बॅकअपचं. रेड म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली फाइल ते चारही डिस्कवरून तितक्याच निष्ठेने पुसतं. वेगळा बॅकअप आहे का, शेवटचा कधी झाला, आणि त्यातली एखादी फाइल खरोखर उघडते का, हे आत्ताच बघायचं. बॅकअप नसेल, तर बाहेरची यूएसबी डिस्क जोडून सर्वांत मोलाचं आधी उतरवून घ्यायचं. स्टुडिओच्या बाबतीत ते म्हणजे ग्राहकाला अजून न दिलेली लग्नं. पाच वर्षांपूर्वीचे दिलेले अल्बम नंतर. सगळे १२ टीबी उतरवायला दिवस लागतील, पण न दिलेली कामं एका रात्रीत उतरू शकतात. पुढे काही बिघडलंच, तर तेवढं तरी हातात राहील.

दुसरं काम उरलेल्या तीन डिस्कची तब्येत बघण्याचं. प्रत्येक हार्ड डिस्क स्वतःची नोंद ठेवत असते, तिला ‘स्मार्ट’ म्हणतात. नॅसच्या पानावर ती दिसते. त्यातल्या तीन ओळी पुरतात. क्रमांक ५ म्हणजे खराब झाल्यामुळे ज्यांच्या बदली राखीव जागा वापरावी लागली, असे सेक्टर. क्रमांक १९७ म्हणजे जे आत्ता वाचता येत नाहीत आणि ज्यांचा निकाल लागायचाय, असे सेक्टर. जिवंत डिस्कवर १९७ शून्य नसेल, तर ती धोक्याची घंटा आहे, कारण पुनर्बांधणीत नॅसला नेमका तोच सेक्टर वाचावा लागू शकतो. तिसरा क्रमांक १९९. तो वाढत असेल, तर दोष बहुधा डिस्कच्या तबकडीत नसून केबल, पिना किंवा कप्प्यामागच्या कनेक्टरमध्ये असतो. गेलेल्या म्हणवणाऱ्या डिस्कचा ५ आणि १९७ शून्य आहे आणि १९९ मात्र शेकड्यांत आहे, असं दिसलं, तर नवी डिस्क घेण्याआधी कप्प्यावर संशय घ्यायला हवा.

नेमका कप्पा कोणता?

सगळ्यात घातक चूक इथे होते. चारपैकी एक डिस्क आधीच गेलेली असताना चांगली डिस्क ओढली, की दोन डिस्क कमी होतात आणि व्हॉल्यूम तिथल्या तिथे बंद पडतं. कप्प्याचा क्रमांक सरळ वाटतो, पण तो चकवतो. काही डबे मोजणी १ पासून करतात, काही ०पासून. काहींत क्रम डावीकडून उजवीकडे, तर उभ्या डब्यांत वरून खाली. आतलं सॉफ्टवेअर डिस्कना वेगळ्याच नावांनी ओळखतं. बहुतेक घरगुती नॅसच्या आत लिनक्स असतं. तिथे `cat /proc/mdstat` ही आज्ञा दिली, तर स्टुडिओच्या नॅसवर असं काहीसं दिसेल:

```
md2 : active raid5 sda3[0] sdd3[3] sdb3[1]
      11706589632 blocks super 1.2 level 5, 64k chunk, algorithm 2 [4/3] [UU_U]
```

`[4/3]` म्हणजे चार हव्यात, तीन आहेत. `U` म्हणजे चालू डिस्क आणि `_` म्हणजे रिकामी जागा. रिकामी जागा तिसरी दिसते, म्हणून हात आपोआप तिसऱ्या कप्प्याकडे जातो. पण ही तिसरी जागा रेडच्या आतल्या क्रमातली आहे, डब्यावरची नव्हे. पूर्वी कधी डिस्क बदलली असेल किंवा अदलाबदल झाली असेल, तर दोन्ही क्रम जुळतीलच असं नाही.

खात्रीची खूण एकच: डिस्कचा सीरियल नंबर. तो डिस्कवरच्या लेबलवर छापलेला असतो आणि तिच्या इलेक्ट्रॉनिक्समध्येही कोरलेला असतो. नॅसच्या पानावर प्रत्येक डिस्कपुढे तो दिसतो. आज्ञेने बघायचा तर:

```
sudo smartctl -i /dev/sdb
```

गेलेली डिस्क पूर्णच मेली असेल, तर तिचा नंबर पडद्यावर येणार नाही. अशा वेळी उलट बाजूने जायचं. जिवंत असलेल्या तिन्हींचे नंबर कागदावर उतरवायचे, आणि ज्या डिस्कचा नंबर यादीत नाही तीच गेलेली. ट्रेच्या तोंडावर आधीच सीरियल नंबरचे शेवटचे चार आकडे चिकटवलेले असतील, तर काम एका मिनिटाचं. नसतील, तर लेबल बघायला ट्रे ओढावा लागतो, आणि चालू नॅसमध्ये तर तेच करायचं नाही. उपाय असा: बॅकअप झाल्यावर नॅस रीतसर बंद करायचा, दिवे पूर्ण विझू द्यायचे, मग एक-एक ट्रे बाहेर काढून नंबर वाचायचा आणि ती डिस्क त्याच कप्प्यात परत सरकवायची. वीज नसताना ट्रे काढल्याने रेड मोडत नाही. जुनी डिस्क बंद करून पुन्हा चालू करण्यात थोडा धोका असतो, कधी ती परत फिरायला नकार देते, पण अंदाजाने चालू डिस्क ओढण्यापेक्षा तो खूपच कमी.

काही डब्यांत ‘लोकेट’ची सोय असते. पडद्यावर डिस्क निवडली, की तिच्या कप्प्याचा दिवा लुकलुकतो. ती वापरावी, पण सीरियल नंबर जुळवल्यावरच. स्टुडिओच्या उदाहरणात तिसऱ्या कप्प्यातल्या डिस्कचा नंबर यादीत नाही, नारिंगी दिवाही तिसऱ्यावर आहे आणि मोठी फाइल कॉपी करताना बाकी तीन दिवे लुकलुकतात, तिसरा नाही. तीन खुणा जुळल्या, आता हात लावायला हरकत नाही.

नवी डिस्क कशी हवी

नवी डिस्क जुनीइतकी किंवा तिच्याहून मोठी हवी. लहान असली, अगदी किंचितही, तर नॅस ती स्वीकारणार नाही. ४ टीबीऐवजी ६ टीबीची घेतली तर चालेल, पण रेड ५ तिच्यातले ४ टीबीच वापरेल. वरचे २ टीबी बाकीच्या डिस्कही मोठ्या होईपर्यंत पडून राहतील.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे डिस्क सीएमआर हवी, एसएमआर नको. एसएमआरमध्ये तबकडीवरचे पट्टे घराच्या कौलांसारखे एकमेकांवर थोडे चढवलेले असतात. त्यामुळे एक पट्टा बदलायचा, तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात. रोजच्या हलक्या वापरात हे जाणवत नाही, पण पुनर्बांधणीत तासन्‌तास सलग लिखाण चालतं, तेव्हा ही डिस्क धापा टाकू लागते. काही तासांचं काम काही दिवसांवर जाऊ शकतं किंवा नॅस तिला ‘उत्तर देत नाही’ म्हणून बाहेर काढतो. २०२० साली वेस्टर्न डिजिटलने आपल्या काही नॅस-डिस्क एसएमआर असल्याचं उघड केलं, तेव्हापासून ग्राहक याबाबत जागे झाले. दुकानदाराला मॉडेल क्रमांक विचारा आणि कंपनीच्या माहितीपत्रकात ‘सीएमआर’ हा शब्द बघूनच पैसे द्या. नॅस बनवणाऱ्या कंपनीची चालणाऱ्या डिस्कची यादी असते, तीही बघून घ्यावी.

बदल

चार कप्प्यांचे बहुतेक नॅस चालू असतानाच डिस्क बदलू देतात. स्वस्त दोन-कप्प्यांच्या काही डब्यांना मात्र स्क्रू काढून उघडावं लागतं, आणि तिथे वीज बंद करणं भाग असतं. माहितीपुस्तिकेत ‘हॉट स्वॅप’ लिहिलंय का ते बघा. लिहिलं नसेल किंवा पुस्तिका सापडत नसेल, तर बंद करूनच बदला.

गेलेली डिस्क अजून अर्धवट चालू असेल, तर पडद्यावरून आधी ती निष्क्रिय करायची. काही डब्यांत यासाठी `Deactivate` असा पर्याय असतो. मग ट्रेची कडी उघडून तो बोटभरच पुढे ओढायचा आणि अर्धा मिनिट तसाच राहू द्यायचा. संपर्क तुटला तरी तबकडी मिनिटाला हजारो फेऱ्यांच्या वेगाने फिरत असते. ती थांबण्याआधी डिस्क हातात तिरकी झाली, तर हेड तबकडीला घासू शकतं, आणि या डिस्कमधून अजून काही वाचवायची वेळ आली तर ते महागात पडेल. आत घरघर थांबली, की ट्रे पूर्ण बाहेर काढा. हातातल्या डिस्कच्या लेबलवरचा नंबर कागदाशी पुन्हा एकदा ताडून बघा. चुकीचा ट्रे आलाच, तर घाईने परत खुपसू नका. नॅस बंद करा, ट्रे मूळ जागी बसवा आणि पुन्हा चालू केल्यावर पडदा काय म्हणतो ते बघा. `Initialize` किंवा `Create` अशा कुठल्याही बटणाला मात्र हात लावू नका, कारण ते जुनी मांडणी पुसून नवी घालतं.

रिकाम्या ट्रेवर नवी डिस्क जुनीच्याच दिशेने बसवायची, तिचा सीरियल नंबर उतरवून घ्यायचा आणि ट्रे सरळ, न झटकता, टक आवाज येईपर्यंत आत सरकवायचा. थोड्या वेळात नॅसच्या यादीत नवी डिस्क दिसते. काही डबे लगेच पुनर्बांधणी सुरू करतात. काहींत स्टोरेजच्या पानावर `Repair` दाबावं लागतं. नव्या डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल, असा इशारा येतो. त्यात लिहिलेली डिस्क नवीच आहे ना, हे वाचून मगच होकार द्यायचा.

पुनर्बांधणीचे तास

आता नॅस तीन जुन्या डिस्क सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचतो, प्रत्येक ठिकाणचा हरवलेला तुकडा हिशेबाने काढतो आणि नव्या डिस्कवर लिहितो. बहुतेक पद्धतींत जागा रिकामी असो वा भरलेली, तो सगळं वाचतो. सरासरी वेग सेकंदाला १२० एमबी धरला, तर ४ टीबीला साधारण सव्वानऊ तास लागतात. तबकडीच्या बाहेरच्या कडेला वेग जास्त असतो आणि आत जाता-जाता तो कमी होतो, त्यामुळे सुरुवातीला दिसणारा अंदाज शेवटी लांबतो. काम मध्यावर असताना पडदा असा दिसतो:

```
[======>..............]  recovery = 31.4% (1225300224/3902196544) finish=378.1min speed=117984K/sec
```

म्हणजे अजून सहा तास आणि काही मिनिटं. टक्का पुढे सरकतोय आणि वेग साधारण टिकून आहे, एवढं बघायचं. वेग अचानक काही एमबीवर आला, तर दोन शक्यता: कुणीतरी नॅसवर मोठं काम करतंय किंवा एखादी जुनी डिस्क खराब सेक्टरवर अडखळतेय. पहिलं असेल तर काम थांबवायला सांगा. या रात्री नॅसवर व्हिडिओ संपादन करू नये. दुसरं असेल, तर ‘स्मार्ट’मधला १९७ वाढताना दिसेल.

या तासांत वीज जाऊ नये. नियमाने बंद केलेला नॅस पुन्हा चालू झाल्यावर बहुधा राहिलेल्या जागेपासून पुढे काम सुरू करतो. पण एक डिस्क कमी असताना लिखाण चालू आहे आणि वीज झटकन गेली, तर डेटा आणि पॅरिटी यांचा मेळ बिघडू शकतो, आणि अशा वेळी लिनक्स ती मांडणी आपोआप सुरू करायला नकार देतं. म्हणून यूपीएस हवा, आणि तो यूएसबी केबलने नॅसला जोडलेला हवा, म्हणजे बॅटरी संपत आली की नॅस स्वतःहून नीट बंद होईल. एप्रिल-मेमध्ये हे काम असेल, तर नॅस कपाटातून बाहेर काढून वारा खेळेल असा ठेवावा, कारण चारही डिस्क रात्रभर पूर्ण जोमात चालणार असतात.

पुनर्बांधणी मध्येच थांबली, तर तिच्यामागची कारणं वेगवेगळी असतात आणि ती ओळखता येतात. जुन्या तिघींपैकी एकीवर न वाचता येणारा सेक्टर लागला, तर नोंदवहीत त्या डिस्कचं नाव आणि वाचनाची चूक दिसते. तेव्हा `Repair` पुन्हा-पुन्हा दाबत बसू नये, प्रत्येक प्रयत्नात आजारी डिस्क आणखी खंगते. नॅस बंद करून ती आजारी डिस्क दुसऱ्या संगणकावर `ddrescue` या साधनाने सेक्टर-सेक्टर उतरवून घ्यावी आणि तिच्या जागी ती प्रत वापरावी, किंवा हे जाणकारावर सोपवावं. मोलाच्या फायली आधी उतरवून घेतल्या होत्या, त्याचा उपयोग इथे होतो. नवी डिस्कच बाहेर फेकली गेली असेल आणि तिचा १९९ वाढला असेल, तर कप्पा किंवा वीज पुरवणारा अडॅप्टर तपासायला हवा. त्याच कप्प्यात दुसरी डिस्कही ‘गेली’, तर दोष डिस्कचा नाही हे जवळपास नक्की.

पूर्ण झाल्यावर

सगळं सुरळीत झालं, की `[UU_U]` च्या जागी `[UUUU]` येतं आणि पडद्यावर `Healthy`. काम इथे संपत नाही. काही दिवसांत नॅसमधलं ‘स्क्रबिंग’ चालवा. ते सगळ्या डिस्क वाचून डेटा आणि पॅरिटी जुळते का ते बघतं. दर महिन्या-दोन महिन्यांनी ते आपोआप होईल अशी वेळ लावून ठेवा. एखादा कोपरा वर्षानुवर्षं कुणी वाचलेलाच नसतो आणि तिथला खराब सेक्टर पुढच्या पुनर्बांधणीतच पहिल्यांदा समोर येतो, तसं होऊ नये यासाठी हे आहे. चारही डिस्क एकाच दिवशी एकाच खोक्यातून घेतलेल्या असतील, तर उरलेल्या तिघींचं वयही तेवढंच आहे हे ध्यानात ठेवा. स्टुडिओने पुढचा नॅस घेताना रेड ६ चा विचार करावा. त्यात दोन डिस्क गेल्या तरी डेटा राहतो. चार डिस्कमध्ये त्यासाठी आणखी ४ टीबी द्यावे लागतात.

आता जुनी डिस्क. वॉरंटी शिल्लक असेल, तर सीरियल नंबर घालून कंपनीच्या संकेतस्थळावर तपासता येतं. पण ती परत देण्याआधी तिच्यात काय आहे याचा विचार करा. आपल्या उदाहरणात डेटा ६४ केबीच्या तुकड्यांत वाटलेला आहे. एखादं छोटं बिल, आधार कार्डाचं स्कॅन किंवा पासवर्ड लिहिलेली फाइल एवढ्यात अख्खी मावते. म्हणजे एकटी डिस्कही बरंच काही सांगू शकते. डिस्क अजून चालत असेल, तर पूर्ण पुसून द्यावी. चालत नसेल आणि आत ग्राहकांची गोपनीय कागदपत्रं असतील, तर वॉरंटी सोडून तबकडीला ड्रिलने भोकं पाडावी आणि तुकडे नोंदणीकृत ई-कचरा केंद्रात द्यावेत.

शेवटचं काम पाच मिनिटांचं आहे: चारही ट्रेच्या तोंडावर सीरियल नंबरचे शेवटचे चार आकडे आणि बसवल्याची तारीख चिकटवा. तीच यादी नॅसच्या बाहेर, कागदावर किंवा मोबाइलमध्ये ठेवा, कारण नॅसच बंद पडला, तर त्याच्यातली यादी वाचता येणार नाही. जमल्यास एक तपासलेली डिस्क कपाटात राखून ठेवा. तिची पूर्ण लांबीची ‘स्मार्ट’ चाचणी आधीच झालेली असेल, तर पुढच्या वेळी दुकान उघडण्याची वाट न बघता त्याच दिवशी पुनर्बांधणी सुरू करता येईल आणि दुसऱ्या चुकीला जागा नसलेले ते तास तेवढे कमी होतील.